वीस हजारांचे हातात पंधरा: जळगावातल्या एका पहिल्या ऑफरचं प्रकरण

माझी भाची अमळनेर तालुक्यातल्या एका खेड्यातली. उमवितून, म्हणजे उत्तर महाराष्ट्र विद्यापीठातून, एम.एस्सी. केमिस्ट्री झाली. विद्यापीठाला २०१८ पासून कवयित्री बहिणाबाई चौधरींचं नाव आहे, पण आमच्याकडची पोरं अजून उमविच म्हणतात. निकाल लागल्यावर महिनाभरात तिला जळगाव एमआयडीसीतल्या एका कंपनीच्या क्यूसी, म्हणजे मालाची गुणवत्ता तपासणाऱ्या, लॅबमधून बोलावणं आलं. मुलाखत झाली आणि चौथ्या दिवशी दुपारी एचआरचा फोन आला. आकडा होता महिना वीस हजार.

मी स्वतः अकरा वर्षं एमआयडीसीतच, दुसऱ्या एका कारखान्यात, एचआरमध्ये काढली आहेत. असे फोन मी केलेत आणि अशी पत्रंही टाइप केलीत. त्यामुळे टेबलाच्या दोन्ही बाजूंना काय चालतं ते मला ठाऊक आहे. भाचीच्या परवानगीने हे सगळं सविस्तर लिहितोय. कंपनीचं नाव देत नाही, आकडे मात्र होते तसेच आहेत.

मुलाखतीत काय हुकलं

फोनच्या आधी एक गोष्ट घडून गेली होती. मुलाखतीच्या शेवटी तिला विचारलं होतं, "तुमची अपेक्षा किती?" ती म्हणाली, "कंपनीच्या नियमाप्रमाणे द्या, सर." आपल्याकडची दहातली आठ पोरं हेच म्हणतात. नम्र वाटतं, घरच्यांनीही तसंच शिकवलेलं असतं. पण एचआरच्या माणसाला त्यातून एवढंच कळतं की हिने बाजारात चौकशी केलेली नाही. प्रत्येक पदासाठी त्याच्याकडे एक पट्टा मंजूर असतो, समजा अठरा ते तेवीस हजार. "नियमाप्रमाणे" ऐकलं की त्याचा हात आपोआप खालच्या टोकाकडे जातो. तो वाईट माणूस नसतो. त्याच्यापुढे महिन्याचं बजेट असतं.

त्याच प्रश्नाला ती असं म्हणू शकली असती: "माझ्या सीनियर्सना अशाच लॅबमध्ये अठरा ते वीस हजार ग्रॉस मिळतंय. मला त्याच्या आसपास अपेक्षा आहे. बाकी काम नीट समजल्यावर बोलू." यात ग्रॉस हा शब्द महत्त्वाचा आहे, का ते पुढे येईलच. आणि सीनियर्सचे आकडे खरे असायला हवेत. ते मिळवायला वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन फोन पुरतात. तिने ते नंतर केले. एक मुलगी जळगावातच होती, तिला साडेअठरा हजार ग्रॉस. एक मुलगा अंकलेश्वरला, त्याला बावीस. आपल्याकडचे केमिस्ट्रीवाले अंकलेश्वर-वापीला जातातच, त्यामुळे हा आकडा मिळणं अवघड नव्हतं.

फोनवर "हो" म्हणाली नाही

एचआरचे साहेब म्हणाले, "मॅडम, अभिनंदन. ट्रेनी केमिस्ट म्हणून तुमचं सिलेक्शन झालंय. महिना वीस हजार. संध्याकाळपर्यंत कळवा, म्हणजे लेटर काढतो."

इथे तिने एक गोष्ट फार चांगली केली. आनंद दाखवला, आभार मानले आणि म्हणाली, "सर, वीस हजार म्हणजे सीटीसी की ग्रॉस? आणि ब्रेकअप मेलवर मिळेल का? बघून दोन दिवसांत कळवते." साहेब थोडे घुटमळले, मग म्हणाले, "सीटीसी आहे. ठीक आहे, पाठवतो. पण परवापर्यंत सांगा."

संध्याकाळची मुदत दोन वाक्यांत परवावर गेली. लेटर अजून निघालेलंच नसतं तेव्हाची मुदत बहुतेक वेळा अशीच सैल असते. मी स्वतः पोरांना "आजच सांगा" म्हणायचो ते माझी यादी त्या दिवशी बंद व्हावी म्हणून. दोन दिवस मागितले म्हणून मी कुणाची ऑफर काढून घेतल्याचं मला आठवत नाही. दोन दिवसांचे आठ दिवस झाले आणि फोनही उचलला नाही, अशांची मात्र गेली.

संध्याकाळी तिचा मला फोन आला. आवाज पडलेला होता. "मामा, कमी सांगी ऱ्हायनात. काय करू आते?" मी म्हटलं, आधी मेल पाठव, मग बोलू.

वीस हजारांची उकल

मेलमध्ये जे होतं ते साध्या शब्दांत सांगतो, कारण सगळं प्रकरण याच्यावर उभं आहे.

सीटीसी म्हणजे कंपनीला तुमच्यामागे येणारा एकूण खर्च. त्यातला काही भाग तुमच्या खात्यात येतो, काही तुमच्या नावाने दुसरीकडे जमा होतो, आणि काही कधी मिळेल ते वेळ आल्यावरच कळतं. तिच्या वीस हजारांत बेसिक अकरा हजार धरलं होतं. त्याच्या १२ टक्के, म्हणजे १,३२० रुपये, कंपनीचा पीएफचा वाटा. ग्रॅच्युइटी बेसिकच्या ४.८१ टक्के, म्हणजे ५२९. वर्षाच्या बोनसचे महिन्याला ९१६. ईएसआयसीचा, म्हणजे कामगार विमा योजनेचा, कंपनीचा वाटा ग्रॉसच्या ३.२५ टक्के, म्हणजे ५४३. हे सगळं वीस हजारांतून वजा केलं की उरतं १६,६९२. हा झाला ग्रॉस.

ग्रॉसमधून तिचा स्वतःचा कट निघतो: पीएफ १,३२० आणि ईएसआयसी पाऊण टक्का, म्हणजे १२६ रुपये. महाराष्ट्रात महिलांना महिना २५,००० पर्यंतच्या पगारावर व्यवसाय कर नाही, म्हणून तो वाचला. तिच्या जागी मुलगा असता तर दर महिन्याला २०० आणि फेब्रुवारीत ३०० रुपये गेले असते. सगळं जाऊन हातात येणार १५,२४६.

वीस हजार ऐकले आणि हातात सव्वापंधरा. फसवणूक म्हणावी असं यात काही नाही, हा हिशोब सगळीकडे असाच असतो. पीएफचे दोन्ही वाटे तिच्याच नावावर राहतात. ईएसआयसीमुळे तिच्यासकट तिच्यावर अवलंबून असलेल्या आईवडिलांच्या उपचाराचीही सोय होते, आणि खेड्यातल्या घराला ही काही छोटी गोष्ट नाही. बोनस वर्षातून एकदा मिळेल. ग्रॅच्युइटी मात्र कायम कामगाराला साधारण पाच वर्षं पूर्ण झाल्यावर मिळते. पहिल्या नोकरीत पाच वर्षं टिकणारे थोडे, म्हणून ते ५२९ रुपये मी हिशोबात धरत नाही.

हे सगळं मी माझ्या दाजींना, म्हणजे भाचीच्या वडिलांना, सांगत होतो तेव्हा त्यांनी एका वाक्यात पकडलं. त्यांचा चार एकर कापूस असतो. ते म्हणाले, "म्हणजे खेडा खरेदीसारखंच. व्यापारी दारात एक भाव सांगतो, मग काट्यावर ओलावा दाखवून कट्टी लावतो." सीसीआयच्या सरकारी कापूस खरेदी केंद्रावर ८ टक्के ओलाव्यापर्यंत पूर्ण भाव आणि त्यापुढे १२ टक्क्यांपर्यंत कपात, हे त्यांना तोंडपाठ आहे. म्हणून कापूस विकताना ते कट्टी जाऊन हातात काय पडेल तेच आधी विचारतात. पोरीच्या पगाराला तोच प्रश्न विचारायचं मात्र त्यांच्या डोक्यात आलं नव्हतं. नोकरी म्हटलं की आपली माणसं देणाऱ्यासमोर गप्प बसतात.

खालची हद्द

मी तिला कागद घ्यायला लावला. जळगावात दोघींत घ्यायच्या खोलीतला तिचा वाटा आणि मेस, मिळून ५,८००. आधी तिचा विचार अमळनेरहून रेल्वेने अप-डाऊन करायचा होता, पण लॅबला शिफ्ट होत्या. सकाळची पहिली आणि दुपारची दुसरी पाळी गाडीच्या वेळेवर बसवता येत नाही, म्हणून खोली घेणं भाग होतं. मोबाइल, येणं-जाणं आणि किरकोळ धरून दोन हजार. शैक्षणिक कर्जाचा हप्ता ३,२००. घरी पाच हजार द्यायचे, हे तिचं स्वतःचं ठरलेलं. बेरीज सोळा हजार. अडीअडचणीला पाचशे धरले आणि तिने साडेसोळा ही हद्द मानली.

ऑफरचे सव्वापंधरा त्याच्या खाली होते. म्हणजे "कमी वाटतंय" याला आता मोजता येणारा आकडा होता, साधारण सव्वाबाराशे रुपये हातात. हे कळल्यावर तिचा आवाज सुधारला. आधी तिला ग्रुपवरचे बावीस-पंचवीसचे आकडे बघून आपण फार स्वस्तात चाललोय असं वाटत होतं. अंकलेश्वरच्या मित्राचं विचारलं तर कळलं की बावीस ग्रॉसमधून तिकडची खोली, मेस आणि घरी येण्या-जाण्याची तिकिटं वजा जाता त्याच्याकडे जळगावच्या साडेअठरावालीपेक्षा फार काही जास्त उरत नव्हतं.

ही हद्द एचआरला सांगायची नाही, हे मी तिला दोनदा बजावलं. "सर, माझं भागत नाही, कर्ज आहे" हे खरं असलं तरी पगार वाढवायचं ते कारण होत नाही. एचआरला वर जाऊन प्लांट हेडसमोर बाजू मांडायची असते, आणि तिथे खोलीभाड्याची गोष्ट चालत नाही. तिथे काम चालतं.

तिच्याकडे सांगण्यासारखं काय होतं

तिने शेवटच्या वर्षी सहा महिने एका लॅबमध्ये प्रोजेक्ट केला होता आणि त्यात एचपीएलसीवर, म्हणजे मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या मशिनवर, रोज हात होता. बायोडेटात तिने हे एका ओळीत लिहिलं होतं: "एचपीएलसीचं ज्ञान". मी म्हटलं, ज्ञान सगळेच लिहितात. तू रोज काय करायचीस ते सांग.

तिने सांगितलं. मोबाइल फेज, म्हणजे मशिनमधून सोडायचा द्रव, बनवायची, गाळायची, त्यातली हवा काढायची. कॉलम स्थिर होऊ द्यायचा. मग सॅम्पलच्या आधी सिस्टिम सुटेबिलिटी: एकाच स्टँडर्डची लागोपाठ पाच-सहा इंजेक्शनं द्यायची आणि पीकच्या क्षेत्रफळातला फरक २ टक्क्यांच्या आत आहे ना ते बघायचं. नसेल तर पुढे जायचं नाही, कारण शोधायचं. एकदा दाब वाढत चालला होता, तो हिने वेळेत पाहून पंप थांबवला; फिल्टर तुंबला होता. दिवस संपताना कॉलम धुऊन ठेवायचा. सगळं वहीत, खाडाखोड न करता, चुकलं तर एक रेघ मारून सही आणि तारीख.

हे शेवटचं वाक्य ऐकून मी तिला थांबवलं. क्यूसीत नव्या पोराला स्वतंत्रपणे विश्लेषण करू द्यायला दोन-तीन महिने जातात. तोवर एक जुना केमिस्ट त्याच्यामागे उभा राहतो. मशिनवर हात बसलेली आणि नोंदी कशा ठेवायच्या ते जाणणारी मुलगी त्यातला निम्मा वेळ वाचवते. एचआरला प्लांट हेडसमोर हेच सांगता येतं. तिच्याकडे प्रोजेक्ट गाइडचं पत्र आणि वहीच्या चार पानांच्या फोटोप्रती होत्या, म्हणजे बोलणं तोंडी नव्हतं. त्या लॅबचं गुपित काही त्यात जात नाही ना, हे मात्र गाइडला विचारून घेतलं.

उत्तर

कमी आकड्याला लगेच उलट आकडा फेकला की घासाघीस सुरू होते, आणि घासाघिशीत फ्रेशर हरतो, कारण समोरचा हे रोज करतो. म्हणून क्रम असा ठरवला: आधी नोकरी हवी आहे हे स्पष्ट सांगायचं, मग कामाचं कारण, मग एकच आकडा, तोही ग्रॉसमध्ये, आणि तो मान्य नसेल तर काय चालेल याची दुसरी वाट. मेल इंग्रजीत गेला. मराठीत त्याचा मजकूर साधारण असा:

"नमस्कार सर. ऑफरबद्दल आभार. लॅबचं काम मला आवडलं आहे आणि मी रुजू व्हायला उत्सुक आहे. ब्रेकअप पाहिला. ग्रॉस १६,६९२ होतो. प्रोजेक्टमध्ये सहा महिने मी एचपीएलसी स्वतंत्रपणे चालवली आहे, गाइडचं पत्र सोबत जोडलं आहे, त्यामुळे प्रशिक्षणाचा माझा काळ कमी लागेल. जळगावात अशाच कामाला मिळणारा पगार पाहता ग्रॉस १९,५०० व्हावा अशी विनंती आहे. सुरुवातीला तेवढं शक्य नसेल, तर सहा महिन्यांनी कामाचा आढावा घेऊन पगार सुधारण्याचा उल्लेख लेटरमध्ये व्हावा. आपल्या सोयीने फोनवर बोलू शकते."

साडेएकोणीस का? सोळा हजार सातशेच्या ग्रॉसला बावीस मागितले असते तर एचआरने वर विचारलंच नसतं. साडेसतरा मागितले असते तर "बरं" म्हणून सतरा दिले असते. जळगावच्या मैत्रिणीचे साडेअठरा मिळायला हरकत नव्हती, आणि त्याच्या एक पायरी वर मागायला तिच्याकडे कारण होतं.

मेल जाण्याआधी घरात एक वादळ झालं. दाजींच्या ओळखीचे एक नाना कंपनीच्या मालकांना ओळखतात. ते म्हणाले, "मेल-बिल कशाला, मी एक फोन करतो." दाजींना ते बरं वाटलं. मी हात जोडून थांबवलं. वरून फोन आला की आकडा कधीकधी हलतो, पण एचआर आणि लॅब हेड दोघांच्या डोक्यात ही "ओळखीची" म्हणून बसते, आणि तिला रोज काम त्यांच्याच हाताखाली करायचं असतं. शिवाय ओळखीने लागलेल्या नोकरीत पुढे पगार मागायला तोंड उरत नाही. "तुमच्या नानांमुळे घेतलं" हे ऐकून घ्यावं लागतं. असे प्रसंग मी टेबलाच्या त्या बाजूने पाहिलेत, आणि त्या पोरांचे चेहरेही.

दुसरा सल्ला तिच्या मित्राचा होता: अंकलेश्वरहून पंचवीसची ऑफर आलीय असं ठोकून दे. मी म्हटलं, अजिबात नाही. जळगावात एचआरवाले एकमेकांना ओळखतात, अंकलेश्वरलाही कुणाचा ना कुणाचा जुना सहकारी असतोच. "लेटर दाखवा" म्हटलं की काय दाखवणार? खोटी ऑफर उघडी पडली तर खरीही जाते.

परतीचा फोन

दुसऱ्या दिवशी साहेबांचा फोन आला. "मॅडम, आमच्याकडे फ्रेशरला इतकंच असतं. सोबतच्या चौघांनाही हेच दिलंय."

हे वाक्य नीट ऐकायला हवं. "बघतो, वरती विचारतो" म्हणाले तर आकड्यात जागा असते. "सगळ्या बॅचला एकच" म्हणाले तर दोन शक्यता असतात: एक तर ते खरं असतं, नाहीतर ती पहिली ढाल असते. कळायचं कसं? विचारून. ती म्हणाली, "समजलं, सर. त्या चौघांनाही एचपीएलसीचा अनुभव आहे का?" आणि थांबली.

हे थांबणं आम्ही घरी सराव करून बसवलं होतं. मी साहेब झालो, ती ती. पहिल्या तीन वेळा दोन सेकंदांत तिच्या तोंडून "नाही जमलं तरी चालेल, सर" निघून गेलं. आपल्या मुलींना समोरच्याला अवघडून ठेवणं पाप वाटतं. चौथ्या वेळी ती गप्प राहिली.

साहेब पण काही सेकंद गप्प होते. मग म्हणाले, "नाही, बाकीचे जनरल आहेत. बरं, लॅब हेडशी बोलतो." तासाभराने परत फोन: ग्रॉस १८,५००, बेसिक बारा हजार. एकोणीस नाही होणार.

तिने तिथल्या तिथे मनात हिशोब केला, कारण कागद समोर होता. पीएफ १,४४०, ईएसआयसी १३९, हातात १६,९२१. हद्दीच्या वर. सीटीसीच्या भाषेत हे वर्षाला साधारण २,६५,००० झालं, आधी २,४०,००० होतं. तिने आणखी ताणलं नाही. बरोबर केलं, कारण समोरच्याने वर जाऊन एकदा बाजू मांडली होती. लगेच पुन्हा पाठवलं असतं तर तो चिडला असता. ती म्हणाली, "धन्यवाद सर, चालेल. आणि सहा महिन्यांच्या आढाव्याचं लेटरमध्ये येईल ना?" "टाकतो," ते म्हणाले.

लेटरमधल्या दोन गोष्टी

लेटर आलं, पगार बोलल्याप्रमाणे होता. पण दुसऱ्या पानावर दोन वर्षांचा बाँड, मध्येच सोडल्यास साठ हजार, आणि "मूळ गुणपत्रिका कंपनीकडे जमा कराव्यात" अशी ओळ. याबद्दल फोनवर एक शब्द झाला नव्हता.

बाँडचं साहेब म्हणाले, छापील आहे, सगळ्यांना आहे. तो तसाच राहिला. मी तिला एवढंच समजावलं की लिहिलेली रक्कम आपोआप वसूल होत नाही. करार कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे वाजवी तेवढीच भरपाई मिळते, लिहिलेली रक्कम ही तिची कमाल मर्यादा. पण कोर्टाची पायरी चढायची वेळ येणं हेच महागात पडतं, म्हणून दोन वर्षं राहायची तयारी असेल तरच सही कर. तिची तयारी होती.

मूळ गुणपत्रिकांवर मात्र मी अडून बसायला सांगितलं. उद्या दुसरीकडे मुलाखत असो, पासपोर्ट असो, पीएच.डी.चा अर्ज असो, मूळ कागद दुसऱ्याच्या कपाटात असला की माणूस अडकतो. तिने लिहिलं, "मूळ कागद पडताळणीसाठी घेऊन येईन आणि पडताळून परत घेईन. स्वसाक्षांकित प्रती जमा करते." यावर कुणी हरकतही घेतली नाही. नंतर कळलं की बाकी चौघांनी कागद देऊन टाकले होते. त्यांना नाही म्हणता येतं हेच माहीत नव्हतं.

आढाव्याचं वाक्य आलं होतं, पण असं: "सहा महिन्यांनंतर कामगिरीचा आढावा घेतला जाईल." आकडा नाही, तारीख नाही, पगार हा शब्दही नाही. तिने विचारलं, मी म्हटलं राहू दे, खूप झालं. ही माझी चूक. रुजू होण्याआधी एक ओळ बदलून मागणं सोपं असतं. "आढाव्यानंतर पगार सुधारला जाईल, लागू तारीख अमुक" एवढं हवं होतं.

पुढे काय झालं

सहा महिने झाले तेव्हा ते साहेब कंपनी सोडून गेले होते. नव्या मॅडमना फोनवरचं बोलणं ठाऊक असायचं कारण नव्हतं, आणि लेटरमधल्या वाक्याने त्यांना काहीच बांधलं नव्हतं. सातवा महिना गेला. भाचीने दर आठवड्याला काय केलं ते एका वहीत लिहून ठेवलं होतं: कोणत्या उत्पादनाची किती विश्लेषणं, कधीपासून एकटीने सही करायला लागली (सातव्या आठवड्यापासून, बाकीचे चौदाव्यापासून), ऑडिटमध्ये तिच्या नोंदींवर शेरा नव्हता. ती वही घेऊन ती आधी लॅब हेडकडे गेली, मग त्यांच्यासोबत मॅडमकडे.

आठव्या महिन्यात ग्रॉस २०,२०० झाला. मागच्या दोन महिन्यांचा फरक मागितला, तो मिळाला नाही. आणि ही वाढ टक्क्यांत धरली होती, आधीच्या ग्रॉसवर साधारण नऊ टक्के. तीच नऊ टक्के १६,६९२ वर लागली असती तर ती अठरा हजार दोनशेवर असती, म्हणजे पहिल्याच दिवशी मिळाले त्याच्याही खाली. दाजींना मी हे कागदावर दाखवलं तेव्हा ते बराच वेळ बघत बसले.

नव्या पत्रात तिने या वेळी मला न विचारताच एक ओळ टाकून घेतली: पुढचा पगार आढावा १ एप्रिलला, आणि त्या तारखेपासून लागू.